शेततळ्याचा कागद कमी का पडतो? मापातल्या या चुका टाळा

वरचं माप 20 बाय 20 मीटर, खोली 3 मीटर, उतार 1:1. असं तळं असलं की बरेच जण 400 चौरस मीटर कागद सांगून मोकळे होतात. कोणी जरा हुशारीनं तळाच्या 14 मीटरला दोन्ही बाजूंची खोली 3-3 मीटर जोडतो, पण तेही 20 मीटरच होतात. कागद खोलीवरून सरळ खाली जात नाही, तो उतारावरून तिरका जातो. 3 मीटर खोलीला 1:1 चा उतार 4.24 मीटर लांब भरतो. म्हणजे 14 + 4.24 + 4.24, साधारण 22.5 मीटर.

इथं थांबलं तर कागद फक्त काठापर्यंत पोहोचतो. मी पहिल्या तळ्याला 23 मीटरचा कागद घेतला आणि कडा दगडांनी दाबल्या. तळं भरू लागलं तसा पाण्याच्या वजनानं कागद आत ओढला गेला आणि एका बाजूची कड उतारावर उघडी पडली. कड चरातच गाडावी लागते. काठावर अर्धा मीटर, चरात उतरायला अर्धा मीटर आणि चराच्या तळाला अर्धा मीटर, असे प्रत्येक बाजूला दीड मीटर धरा. झाले 25.5.

आता सैलपणा. तळ आणि उतार मिळतात त्या कोनात कागद जमिनीला टेकलेला हवा. तिथं पायानं दाबल्यावर खाली पोकळ लागलं तर कागद ताणलेला आहे, पाणी भरल्यावर तो तिथंच फाटतो. भर दुपारी ताणून बसवलेला कागद रात्री आखडतो, म्हणून सकाळी लवकर अंथरा आणि एकूण अर्धा मीटर सैल ठेवा. लागतो 26 बाय 26, म्हणजे 676 चौरस मीटर. तळ आणि चारही उतारांचं क्षेत्रफळ वेगळं काढून बेरीज केली तर आकडा कमी येतो, पण कागद चौकोनी असतो. कोपऱ्यातला जास्तीचा भाग कापू नका, घडी घालून दाबा.

सगळ्यात फसवी चूक जोडाची. समजा कागदाचा पन्ना 6.5 मीटर आहे. चार पट्ट्या म्हणजे बरोबर 26 मीटर, असं वाटतं. पण चार पट्ट्यांना तीन जोड येतात आणि प्रत्येक जोडात 15 सेंटिमीटर एकावर एक जातात. 45 सेंटिमीटर गेले, उरले 25.55. सैलपणाला ठेवलेला अर्धा मीटर जवळपास सगळा जोडांनीच खाल्ला. अशा वेळी पाचवी पट्टी घ्या किंवा जास्त पन्ना पाहा. कारखान्यातून जोडून येणारा कागद असेल तर बिलावर ‘जोड दिल्यानंतरचं तयार माप’ लिहून घ्या.

हे सगळं झालं तरी ऑर्डर नकाशावरून देऊ नका. जेसीबीनं 3 मीटर सांगितलेली खोली 3.2 भरते, उतारही जागोजागी बदलतो. खोदाई आणि चर पूर्ण झाल्यावर एका चराच्या तळापासून काठ, उतार, तळ, समोरचा उतार करत पलीकडच्या चराच्या तळापर्यंत दोरी जमिनीला टेकवत न्या. दोन्ही दिशांना तीन-तीन ठिकाणी मोजा, सर्वात मोठं माप धरा आणि त्यात अर्धा मीटर सैलपणा मिळवा.