रात्री घड्याळात नाडी ३१ दिसली : खरं काय ते कसं ओळखावं आणि डॉक्टरांसाठी काय लिहून न्यावं

मिरजेत पेशंटना होल्टर लावायचा आणि उतरवायचा, हे माझं काम. होल्टर म्हणजे छातीला चिकटवलेल्या तारांमधून २४ किंवा ४८ तास ईसीजी नोंदवत राहणारी छोटी पेटी. हल्ली तासगाव-पलूसकडून आलेला पेशंट पेटी लावून घेण्याआधी मोबाईलच पुढे करतो. "हे बघा मॅडम, रात्री तीनला एकतीस. मधे तर रेघच तुटलीय." रात्रभर घरात कुणी झोपलेलं नसतं, पाहुण्यांपैकी कुणी 'पेसमेकर बसवावा लागणार' असं सांगून टाकलेलं असतं, आणि डॉक्टरांना ज्याचा उपयोग होईल अशी एकही गोष्ट कागदावर नसते.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. चक्कर येऊन माणूस पडला, शुद्ध हरपली, डोळ्यांपुढे अंधारी येऊन सावरावं लागलं, छातीत दुखतंय, दम लागतोय, किंवा जागेपणी नाडी चाळीसच्या खाली आहे आणि माणूस गळून गेलाय किंवा नीट बोलत नाही, तर पुढचं काही वाचत बसू नका. १०८ ला फोन करा. अशा माणसाला स्वतः गाडी चालवू देऊ नका. खालचं सगळं आहे ते सकाळी उठून ठणठणीत चहा पिणाऱ्या माणसासाठी.

घड्याळाचा पट्टा मनगटाच्या हाडाच्या थोडा वर, घट्टसर बांधा. ॲपमध्ये हृदयगती सतत किंवा दर मिनिटाला मोजण्याची सोय असेल तर ती चालू करा. तीन-चार रात्री तसंच वापरा.

आता आलेख वाचायचा. लोक अडकतात ते इथेच.

घड्याळ हृदयाची वीज मोजत नाही. मागचे हिरवे दिवे कातडीवर प्रकाश टाकतात, प्रत्येक ठोक्याला मनगटात आलेल्या रक्ताने तो प्रकाश कमी-जास्त होतो, आणि त्यावरून ठोके मोजले जातात. हात उशीखाली दबला, पट्टा सैल झाला, थंडीत हात गार पडले की मोजणी बिघडते. त्यामुळे आलेखात रेघ तुटलेली दिसली तर 'हृदय तेवढा वेळ थांबलं' असा अर्थ काढू नका. दहा मिनिटं हृदय थांबलेला माणूस सकाळी तुम्हाला आलेख दाखवायला येत नाही. ती जागा म्हणजे घड्याळाला वाचता आलं नाही, इतकंच. काही ॲप मधली रिकामी जागा सरळ रेघेने जोडून टाकतात, ते आणखी फसवं.

याची उलटी बाजू कुणी सांगत नाही. हृदयाचा खरा विराम, म्हणजे दोन ठोक्यांमधलं तीन-चार सेकंदांचं अंतर, मिनिटाच्या सरासरीत दिसतच नाही. समजा ठोके मिनिटाला ६० आहेत, म्हणजे सेकंदाला एक. मधे एकदा चार सेकंद ठोका पडला नाही, तर त्या मिनिटात तीनच ठोके कमी झाले. घड्याळ ५७ दाखवेल आणि तुम्ही खुशाल झोपाल. म्हणून आलेख छान आहे एवढ्यावरून चक्कर येणाऱ्या माणसाला 'काही नाही' म्हणू नका, आणि तुटलेल्या रेघेवरून धडधाकट माणसाला घाबरवू नका.

मग बघायचं काय? नाडी खाली कशी गेली, ते. झोप लागल्यावर ७० वरून ६०, मग ५२, पहाटे ४६ अशी ती उतरत गेली आणि जाग आल्यावर वर आली, तर तो झोपेचा स्वाभाविक उतार असतो. सातारा हिल मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या तरण्या पोरांची नाडी झोपेत चाळीसच्या खालीही जाते. दुसरा प्रकार करवतीच्या दातांसारखा : नाडी उतरते, झटक्यात वर उडी घेते, परत उतरते, असं तासन् तास. जोडीला घोरणं असेल, मधेच श्वास अडकल्यासारखा होऊन माणूस दचकत असेल, तर झोपेत श्वास थांबण्याचा आजार तपासायला हवा. त्या आजारात हृदयाचे विरामही येतात, आणि श्वासावर उपचार झाले की ते पुष्कळदा कमी होतात.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. नाडी उतरत नाही, एकदम अर्धी होते. ६२ ची ३१, वीस-पंचवीस मिनिटं ३१, मग पुन्हा एकदम ६२. असं तंतोतंत अर्धं दिसलं की तीन शक्यता धरायच्या. एक, घड्याळानेच एकाआड एक ठोका गाळला. दोन, हृदयाचा प्रत्येक दुसरा ठोका वेळेआधी पडतोय. अशा घाईच्या ठोक्याच्या वेळी हृदयात रक्त पुरेसं भरलेलं नसतं, त्यामुळे त्याची लाट मनगटापर्यंत येत नाही. हृदय ६२ वेळा ठोकतं आणि मनगटाला ३१ कळतात. तीन, खरोखरच हार्ट ब्लॉक आहे आणि ठोक्यासाठी निघालेला प्रत्येक दुसरा विजेचा संदेश मधेच अडतोय. आलेखात तिन्ही एकसारखे दिसतात.

इथे हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'बोटाला ऑक्सिमीटर लावून खात्री करा'. ते यंत्रही प्रकाशानेच मोजतं. पट्टा सैल होता का, एवढं त्यातून कळेल. घाईचा ठोका मात्र त्यालाही दिसत नाही. बीपीच्या मशीनवरचा पल्सचा आकडाही अनियमित ठोक्यांमध्ये चुकतो. मोजायचं ते माणसाने. नाडी खाली असताना जाग आली, तर एकाने मनगटावर बोटं ठेवून आणि दुसऱ्याने छातीच्या डाव्या बाजूला स्टेथोस्कोप, नाहीतर सरळ कान लावून, एकाच वेळी पूर्ण ६० सेकंद मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, अनियमित नाडीत ते फसतं.

तासगावजवळच्या एका द्राक्ष बागायतदारांचं उदाहरण घ्या. वय ६६, घड्याळ पुण्याच्या मुलाने दिलेलं. तीन रात्री पहाटेच्या सुमाराला ६२ ची ३१ झालेली. सूनबाई नर्स. चौथ्या रात्री तिने सासऱ्यांच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि सासूबाईंना मनगट धरायला सांगितलं. मनगटावर ३१, छातीवर ६२, आणि छातीवर ठोके जोडीजोडीने : एक ठळक, लगेच एक हलका, मग मोकळी जागा. होल्टरमध्ये तेच निघालं, वेळेआधीचे ठोके, एकाआड एक. ब्लॉक नव्हता. त्यांच्या तपासण्या पुढे वेगळ्या वाटेने झाल्या, कारण असे ठोके फार असतील तर इको करून हृदयाची ताकद बघावी लागते. पण पेसमेकरचा विषय तिथेच संपला. छातीवरही ३१ च आले असते, तर हृदय खरंच हळू चाललंय असं ठरलं असतं, आणि कारण शोधायला ईसीजीच लागला असता.

आता हार्ट ब्लॉकविषयी, कारण निम्मे लोक इथे अँजिओप्लास्टीच्या गोष्टी करायला लागतात. रक्तवाहिनीतला अडथळा वेगळा. हा विजेच्या वाटेतला आहे. हृदयाच्या वरच्या कप्प्यात निघालेला संदेश मधल्या एव्ही नोडमधून खालच्या कप्प्यांत जातो. तो नुसता उशिरा पोचत असेल, ईसीजीवर ०.२० सेकंदापेक्षा जास्त वेळ घेत असेल, तर पहिल्या पायरीचा ब्लॉक. एकट्याने तो सहसा त्रास देत नाही. दुसऱ्या पायरीत काही संदेश अडतात. त्यातही उशीर वाढत वाढत जाऊन एखादा ठोका गळणं हे झोपेत निरोगी माणसातही दिसतं. उशीर न वाढता अचानक ठोका गळणं मात्र गंभीर, कारण तिथे बिघाड नोडच्या खाली असतो आणि तो पूर्ण ब्लॉकपर्यंत जाऊ शकतो. तिसऱ्या पायरीत एकही संदेश खाली पोचत नाही, खालचे कप्पे आपल्याच गतीने चालतात, पुष्कळदा मिनिटाला चाळीसच्याही आत. शेवटच्या दोन प्रकारांत, औषधासारखं दुरुस्त होणारं कारण सापडलं नाही, तर त्रास नसतानाही डॉक्टर पेसमेकर सुचवतात. नुसत्या झोपेतल्या मंद नाडीसाठी तो बसवत नाहीत.

म्हणूनच रात्रीच्या आकड्याइतकीच दिवसाची नोंद लागते. झोपेतला साधा मंदपणा माणूस उठून चालायला लागला की जातो. नोडच्या खालचा ब्लॉक चालल्यावर सुधारत नाही, उलट वाढू शकतो. नेहमीचा जिना चढून आल्यावर नाडी ९०-१०० झाली की ४० वरच अडून राहिली, हे लिहा. मुद्दाम धावून बघू नका, आणि चक्कर येत असेल तर जिनाही नको.

वहीतली नोंद अशी हवी :

"बुधवार रात्र. झोप ११:१०. २:५३ ला ६२ वरून एकदम ३१, ३:१६ ला परत ६२. घड्याळ डाव्या हातात, घट्ट. ३:०५ ला जागे केले : मनगट ३१, छाती ६२, पूर्ण मिनिट. चक्कर नाही, घाम नाही. घोरणे थोडे. सकाळी ७:३० ला जिना चढल्यावर ९४. बीपीची गोळी रात्री ९ ला."

औषधांची यादी नावं आणि वेळांसकट जोडा, पाकिटंच घेऊन गेलात तर उत्तम. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, डिल्टियाझेम, व्हेरापामिल, डिगॉक्सिन यांनी नाडी मंदावते. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचा टिमोलॉलचा थेंबही तेच करतो, आणि डोळ्याचं औषध कुणी यादीत लिहीतच नाही. थायरॉइड किंवा किडनीचा आजार असेल तर तोही लिहा. बागेत फवारणी केलेला दिवस असेल तर तेही : काही कीटकनाशकांनी नाडी मंदावते, पण मग लाळ, घाम, उलटी, बारीक झालेल्या बाहुल्या अशी लक्षणं जोडीला येतात, आणि तेव्हा वही बाजूला ठेवून सरळ दवाखाना गाठायचा. आकडा बघून आपल्या मनाने गोळी बंद करू नका. मेटोप्रोलॉलसारखी गोळी एकदम तोडली तर छातीत दुखण्यापासून पुढचं काहीही होऊ शकतं.

डॉक्टरांनी होल्टर सांगितला तर त्या दिवशी आंघोळ उरकून या, पेटी लावल्यावर पाणी लागू द्यायचं नाही. नेहमीची कामं करा, पलंगावर पडून राहिलात तर दिवसाचं काही कळत नाही. आणि पेटी सुरू करताना तिच्यावरची वेळ आणि तुमच्या मोबाईलची वेळ आमच्यासमोर जुळवून बघा. दहा मिनिटांचा फरक राहिला तर तुमच्या वहीतलं २:५३ आमच्या रिपोर्टात ३:०३ ला शोधावं लागतं.