मुलीच्या प्रवेशाचे पैसे बाजारातून उतरवताना: सहा पाडव्यांची तयारी

माझ्या मावसभावाने मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी जमवलेले पाच लाख जानेवारी २०२० मध्ये सगळेच्या सगळे इक्विटी फंडात होते. प्रवेश त्याच वर्षी होता. २० जानेवारी ते २३ मार्च या दोन महिन्यांत निफ्टी सुमारे ३८ टक्के घसरला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याने घाबरून फंड विकला, तेव्हा हातात सव्वातीन लाख आले, आणि उरलेल्यासाठी वहिनींचे दागिने गहाण पडले. त्याचा फंड वाईट नव्हता. पैसे लागायची वेळ आली तरी तो बाजारात पूर्ण उभा होता, एवढीच चूक. खानापूर, निपाणी, बेळगावकडच्या ज्या घरांत मूल आता सातवी संपवून आठवीत जातंय, त्यांच्यासाठी दर पाडव्याला इक्विटीतला वाटा थोडा थोडा उतरवत नेण्याची ही तयारी लिहून ठेवतो.

आधी तारीख पक्की करा. पाडवा २०२६ ला आठवीत जाणारी मुलगी २०३१ च्या उन्हाळ्यात पीयूसी दुसरं वर्ष संपवेल. आपल्या भागात दोन वेळापत्रकं डोळ्यांसमोर ठेवावी लागतात. एक कर्नाटकच्या केसीईटीचं, दुसरं महाराष्ट्राच्या एमएचटी-सीईटीचं, कारण सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी तिकडे वेगळा उमेदवार-प्रकार आहे. निकाल आणि फेऱ्या दोन्हीकडे वेगवेगळ्या वेळी लागतात, आणि सीट मिळाली की फी भरायला हातात थोडेच दिवस असतात. म्हणून प्रवेश जुलैत होईल असं वाटलं तरी आपली तारीख मेची धरा. चारही वर्षांची फी एकदम लागत नाही, तेव्हा दुसऱ्या, तिसऱ्या वर्षाच्या पैशांना त्यांच्या त्यांच्या तारखेप्रमाणे हीच उतरण एकेक वर्ष पुढे सरकवून लावता येते. इथे मी पहिल्या वर्षाच्या पैशांचंच धरून चालतो.

मग आज खरंच किती इक्विटी आहे ते मोजा. इथे बहुतेक जण चुकतात. नावात ‘हायब्रिड’ असलं की लोक ते सुरक्षित खात्यात मांडतात, पण ॲग्रेसिव्ह हायब्रिड फंडात ६५ ते ८० टक्के शेअर असतात. त्याचे तीन चतुर्थांश इक्विटीतच मोजा. करबचतीचा ईएलएसएस पूर्ण इक्विटी आहे, आणि त्यातला प्रत्येक हप्ता स्वतःची तीन वर्षं अडकलेला असतो. सुकन्या समृद्धी सुरक्षित बाजूला धरा, पण शिक्षणासाठी मागच्या वर्षअखेरच्या शिलकेपैकी निम्मेच निघतात, म्हणून धरायचे तेही निम्मेच.

आता उतरणीचा तक्ता. वहीच्या पहिल्या पानावर लिहा: पाडवा २०२६ ला इक्विटी ६० टक्के, २०२७ ला ५०, २०२८ ला ४०, २०२९ ला २५, २०३० ला १०, आणि २०३१ ला शून्य. हे आकडे कुणा नियामकाने ठरवलेले नाहीत. कुणी ५५ वरून सुरू करेल, तेही चालेल. मला महत्त्वाची वाटते ती शेवटची दोन पावलं. २०२० सारखी घसरण इक्विटी १० टक्के असताना आली, तर एकूण रकमेचं सुमारे चार टक्के नुकसान होतं. तीच ७५ टक्क्यांवर आली तर अठ्ठावीस टक्के जातात. तेवढ्यात मुलीचं एक वर्षाचं हॉस्टेल निघालं असतं.

एक घर घेऊ. आठ लाख जमलेत, त्यातले सहा इक्विटी फंडात, दोन एफडीत, आणि महिना आठ हजारांची एसआयपी चालू. साठ टक्के म्हणजे ४.८ लाख, तेव्हा या पाडव्याला १.२ लाख इक्विटीतून काढायचे. त्याच दिवशी एसआयपीही थांबवा आणि तेच आठ हजार पोस्टाच्या किंवा बँकेच्या आरडीत वळवा. नव्या पैशांनी सुरक्षित बाजू भरली की विकावं कमी लागतं आणि करही कमी बसतो. जुनी एसआयपी तशीच चालू राहिली तर एका हाताने काढून दुसऱ्याने भरल्यासारखं होतं. पासबुकात दर महिन्याला हप्ता कापलेला दिसला की ओळखा.

पुढच्या पाडव्याला समजा इक्विटी दहा टक्के वाढून ५.२८ लाख झाली, आणि सुरक्षित बाजू व्याज व आरडी धरून ४.३८ लाख. एकूण ९.६६ लाख. निम्मे म्हणजे ४.८३, तेव्हा फक्त ४५ हजार हलवायचे. आता उलटं धरू. बाजार तीस टक्के पडला आणि इक्विटी ३.३६ लाखांवर आली. एकूण ७.७४ लाखांत ती ४३ टक्केच आहे, म्हणजे तक्त्यापेक्षा आधीच खाली, आणि त्या वर्षी काहीच विकायचं नाही. पडत्या बाजारात विकण्याची घाई हा तक्ता असा आपोआप रोखतो. तीन वर्षांहून जास्त काळ उरला असेल तर आरडी काही महिने परत इक्विटीकडे वळवायला हरकत नाही. त्यापेक्षा कमी उरला असेल तर मी वळवणार नाही.

पण २०२९ च्या पायरीवर तक्ता दुखावणारं काम सांगू शकतो. आधी ४० टक्के होते, बाजार तीस टक्के पडला, तर इक्विटी साधारण ३२ टक्क्यांवर येते. तक्ता २५ म्हणतो. म्हणजे पडलेल्या भावातही विकायचं आहे. “अजून सहा महिने थांबू, वर येईल” हे वाक्य घरात याच वेळी निघतं. थांबू नका. २००८ च्या जानेवारीत पडायला लागलेला बाजार मार्च २००९ पर्यंत खालीच होता.

विकताना तीन गोष्टी बघा. आधी घेतलेले युनिट आधी विकले जातात. वर्ष न झालेल्या युनिटवर बऱ्याच फंडांत एक टक्का एक्झिट लोड बसतो. आणि वर्षाहून जुन्या इक्विटीवरचा नफा आर्थिक वर्षाला सव्वा लाखापर्यंत करमुक्त, त्याच्या वर जाईल तेवढ्यावर १२.५ टक्के. वरच्या १.२ लाखांत खरेदी ७० हजारांची असेल तर नफा ५० हजारच, कर नाही. पण नफा सव्वा लाखाच्या वर जाणार असेल तर निम्मे मार्चअखेर आणि निम्मे एप्रिलच्या सुरुवातीला विका, म्हणजे दोन आर्थिक वर्षांची सूट मिळते. दर महिन्याला एका फंडातून दुसऱ्या फंडात ठरावीक रक्कम आपोआप हलवणारी एसटीपी लावली तरी तिचा प्रत्येक हप्ता कराच्या हिशेबात विक्रीच असतो.

उतरवलेले पैसे कुठे ठेवायचे यावर माझा हट्ट आहे. आपल्याकडे गल्लोगल्ली क्रेडिट सोसायट्या आहेत आणि त्या बँकेपेक्षा दोन टक्के जास्त देतात. पण ठेवविमा बँकेतल्या ठेवीला आहे, सहकारी बँक धरून, एका ठेवीदाराला एका बँकेत व्याजासकट पाच लाखांपर्यंत. सोसायटीच्या ठेवीला तो नाही. बाजाराची जोखीम टाळून ती दुसऱ्या दारातून घरात घेऊ नका. एफडी करताना मुदत एप्रिल २०३१ च्या आत संपेल अशी घ्या. बँकेने सरसकट पाच वर्षांची पावती केली तर तारीख बघून जागीच बदलून मागा.

शेवटच्या वर्षी, पाडवा २०३० नंतर, फंडाच्या फोलिओत नोंदवलेलं बँक खातं चालू आहे का, केवायसी आणि नॉमिनी बरोबर आहेत का, हे तपासा. त्यासाठी एकदा पाच हजार काढून बघा. ते दोन-तीन कामाच्या दिवसांत खात्यावर आले की उरलेले दहा टक्के २०३१ च्या पाडव्याला काढायला मोकळे.