मुरमातला धोंडा गोल कशाने झाला? ओळखण्याची रीत

कोल्हापुरातून पन्हाळ्याकडे किंवा जोतिबाच्या डोंगराकडे जाताना रस्त्यासाठी कापलेल्या दरडी नीट बघा. पिवळट-तपकिरी मुरमात काळे गोल धोंडे बसलेले दिसतात आणि त्यांच्याभोवती कांद्यासारखे पापुद्रे असतात. बघणारा पटकन म्हणतो, "इथं पूर्वी नदी असणार, गोटे वाहून आलेत." काही जण म्हणतात, उन्हाने तापून खडकाची साल निघाली. बहुतेक वेळा दोन्ही अंदाज चुकतात. खरं कारण दरडीत उभं राहूनच कसं ठरवायचं, ते सांगतो.

जायचं हिवाळ्यात, गवत वाळल्यावर. सोबत मोजपट्टी, छोटा हातोडा, जुनी सुरी, भिंग आणि पाण्याची बाटली घ्यायची. माणसाच्या उंचीएवढी दरड पुरते. माथ्यावर धोंडे लोंबत असतील तर खाली उभं राहू नका आणि पावसाळ्यात तिकडे फिरकूच नका. गडाच्या तटाला किंवा बुरुजाला हातोडा लावायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

आधी प्रश्न पक्का करू. शाळेत आपण कायिक आणि रासायनिक विदारण शिकलो. कायिक विदारणात खडक फुटतो, पण तुकडा त्याच खडकाचा राहतो. रासायनिक विदारणात खडकातली खनिजंच बदलतात आणि दुसरा पदार्थ तयार होतो. म्हणून दरडीत एकच गोष्ट तपासायची: समोरचा तुकडा अजून मूळ दगडच आहे, की त्याचं दुसरं काही झालंय?

धोंड्याच्या मधोमध हातोडा हळूच मारा. आवाज खणखणीत आला तर आतला बेसाल्ट शाबूत आहे. मग बाहेरच्या पापुद्र्यावर मारा. तिथे भद्द आवाज येतो आणि सुरीचं टोक आत जातं. पापुद्र्याचा तुकडा चुरून थोडं पाणी घाला आणि बोटांत चोळा. चिकट, गुळगुळीत लागला, बोटांना पिवळा-तांबूस रंग लागला, तर रासायनिक बदल झालाय. बेसाल्टमधल्या फेल्डस्पार आणि पायरॉक्सिनची चिकणमाती झाली, त्यातल्या लोहाला ऑक्सिजन मिळून गंज चढला. बोटांना कोरडी, धारदार काळी खडी लागली आणि तुकड्याची ताजी बाजू धोंड्याच्या गाभ्यासारखीच दिसली, तर तो नुसता फुटलाय. झाडाच्या मुळाने सांध उचकटलेल्या जागी असे तुकडे सापडतात. पांढऱ्या गारगोटीने मात्र फसू नका. ती लाव्ह्यातल्या वायूच्या पोकळ्यांत नंतर भरलेली असते आणि आजूबाजूचा दगड मऊ झाला तरी टिकून राहते.

आता गोलाईकडे येऊ. लाव्हा थंड होताना आकसला आणि त्यात सांधी पडल्या. त्यामुळे खडकाचे चौकोनी ठोकळे झाले. पाणी या सांधींतूनच शिरतं. ठोकळ्याच्या सपाट बाजूवर ते एका दिशेने काम करतं, कडेवर दोन दिशांनी, कोपऱ्यावर तीन दिशांनी. कोपरा सगळ्यात आधी संपतो आणि आत गोल गाभा उरतो.

हे मोजून पाहता येतं. समजा, ठोकळा सगळ्या बाजूंनी सारखा आहे, दोन समांतर सांधींमधलं अंतर ६० सेंटिमीटर आहे आणि आतल्या कठीण गोळ्याचा व्यास ३६. ठोकळ्याच्या मध्यापासून सपाट बाजू ३० सेंटिमीटरवर, कड सुमारे ४२ वर आणि कोपरा सुमारे ५२ वर येतो. प्रत्येकातून गोळ्याची त्रिज्या, म्हणजे १८, वजा करा. सपाट बाजूने १२, कडेने २४ आणि कोपऱ्याने ३४ सेंटिमीटर दगड मऊ झाला. जवळपास एकास दोनास तीन! दरडीत इतका नेमका हिशेब क्वचितच जुळतो. एखाद्या सांधीतून जास्त पाणी आलं की गाभा अंड्यासारखा होतो. तरी कल असाच दिसला पाहिजे. याच ठोकळ्याचं घनफळ काढलं तर गाभा फक्त ११ टक्के भरतो. म्हणजे सपाट बाजूने वीतभरसुद्धा आत न जाता जवळजवळ नव्वद टक्के दगडाचा मुरूम झाला.

नदीच्या गोट्याला असं काही नसतं. पंचगंगेतला गोटा घासून गुळगुळीत झालेला असतो, त्याच्याभोवती त्याचेच पापुद्रे नसतात आणि शेजारचा गोटा वेगळ्याच जातीचा असू शकतो. दरडीतले धोंडे मात्र रांगेत, सांधींच्या चौकटीत बसलेले असतात. चौकट सापडली की नदीचा विषय संपला.

उन्हाचं काय? पापुद्रे उन्हाने सुटतात हे स्पष्टीकरण फार दिवस चाललं. १९३६ मध्ये अमेरिकन भूवैज्ञानिक डेव्हिड ग्रिग्ज यांनी ग्रॅनाइटचा गुळगुळीत तुकडा ८९,४०० वेळा तापवला आणि कोरड्या हवेने गार केला. रोज एकदा धरलं तर ही २४४ वर्षं होतात. तुकड्यात डोळ्यांना दिसेल असा बदल झाला नाही. मग पाणी फवारून गार केल्यावर थोड्याच फेऱ्यांत पृष्ठभाग बिघडू लागला. ऊन अगदीच निर्दोष आहे असं म्हणता येत नाही; उघड्या खडकाला ते चिरा पाडू शकतं. पण तुमच्या दरडीत पापुद्रे जमिनीखाली दोन-तीन मीटरवरही आहेत ना? दिवस-रात्रीच्या तापमानाचा फरक तितका खाली पोहोचतच नाही. पाणी पोहोचतं. लोहाचं ऑक्सिडीकरण होताना आणि खनिजांत पाणी शिरताना बाहेरचा थर फुगू पाहतो, आतला कठीण दगड त्याला जागा देत नाही, आणि मध्ये चीर जाते. म्हणजे पापुद्रा फुटतो कायिक रीतीने, पण त्याला फोडणारा जोर रासायनिक असतो. पुस्तकात हे दोन वेगवेगळे प्रकार असतात. दरडीत एकाचं काम दुसऱ्याच्या हातात असतं.

ग्रॅनाइट बघायला कोल्हापूरच्या आसपास सोय नाही, इथे सगळा बेसाल्ट आणि माथ्यांवर जांभा. पण हंपीची सहल ठरलीच तर तिथल्या भल्यामोठ्या गोल शिळांना हीच परीक्षा लावा. पायथ्याची झीज चोळल्यावर चिकट माती कमी आणि भरड वाळू जास्त लागेल. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ असतं आणि ते सहजी बदलत नाही. फेल्डस्पारची माती होते, काळा अभ्रक फुगतो, दाण्यांची पकड सुटते आणि क्वार्ट्झ तसंच मोकळं पडतं. बेसाल्टमध्ये असं टिकाऊ खनिज नगण्य, म्हणून त्याची शेवटी बारीक काळी माती होते. हंपीच्या शिळा आपल्या धोंड्यांपेक्षा कितीतरी मोठ्या, कारण तिथल्या सांधी दूर-दूर आहेत. भोवतालची भुसभुशीत वाळू वाहून गेली, म्हणून त्या उघड्यावर एकावर एक रचल्यासारख्या दिसतात.

ग्रॅनाइटच्या मोठ्या घुमटावरून कित्येक मीटर लांबीच्या वक्र लाद्या सुटलेल्या दिसल्या, तर त्यांना या पापुद्र्यांत मोजू नका. वरचं ओझं हटल्यावर दाब कमी होऊन त्या सुटतात. ओळखायची खूण सोपी: लादी टेकडीच्या उताराला समांतर असते आणि तोडल्यावर आत ताजा दगड निघतो. आपला पापुद्रा एका ठोकळ्याच्या मध्याभोवती वळलेला असतो, बोटभर जाडीचा, आणि ओला करून चोळला की बोटं पिवळी करतो.