कांद्याच्या पेशीत सेंट्रिओल काढू नका: स्पिंडलबद्दलच्या या चुका टाळा

मायटॉसिसचं प्रॅक्टिकल झालं की जर्नलमध्ये हमखास एक आकृती येते: चौकोनी भिंतीची कांद्याची पेशी, दोन्ही टोकांना सेंट्रिओलची जोडी आणि भोवती ताऱ्यासारखे किरण. पेशी कांद्याची, सेंट्रिओल प्राण्याचे. एकाने गाईडमधून उतरवली की ती वर्गभर फिरते आणि सूक्ष्मदर्शकातून बघायचे कष्ट कुणी घेत नाही.

एका तोंडी परीक्षेत एक मुलगा ठामपणे म्हणाला, "सर, मला सेंट्रिओल दिसलाय." बघितलं तर मेटाफेजमधली सुरेख पेशी होती आणि एका टोकाशी खरंच एक गडद ठिपका होता. त्याला फाइन फोकस हळूहळू फिरवायला लावला. ठिपका स्पष्ट झाला तेव्हा गुणसूत्रं धूसर झाली, म्हणजे तो पेशीत नव्हताच, वर बसला होता. स्लाइड जरा सरकवली तर तसेच ठिपके पेशींच्या बाहेर मोकळ्या जागेतही सापडले. न गाळलेल्या ॲसिटोकार्मिनचा तो गाळ होता.

खरा सेंट्रिओल जेमतेम 0.2 मायक्रोमीटर जाडीचा असतो. साध्या सूक्ष्मदर्शकाची मर्यादाही तेवढीच, त्यामुळे प्राण्याच्या पेशीतसुद्धा त्याची रचना अशी दिसत नाही. शिवाय ॲसिटोकार्मिन गुणसूत्रं रंगवतं, त्यांना ओढणारा तंतूंचा सांगाडा, म्हणजे स्पिंडल, नाही. आपल्या स्क्वॅशमध्ये स्पिंडलचे तंतू बहुधा दिसतच नाहीत. गुणसूत्रं कशी रांगेत आली यावरून ते ओळखायचे. मी रंग दर वेळी गाळूनच वापरतो आणि कुठलाही ठिपका ओळखण्याआधी पेशीबाहेर तसाच आहे का ते बघतो.

दुसरी चूक हुशार मुलं करतात, म्हणून ती जास्त खुपते. "सेंट्रिओल नाहीत, मग त्यांच्या जागी दुसरं काहीतरी केंद्र असणारच," असं धरून ती पेशीच्या टोकाशी काल्पनिक बिंदू शोधत बसतात. मुळात क्रमच उलटा धरलेला असतो: आधी ध्रुव, मग तिथून निघणारे तंतू. उच्च वनस्पतींत आधी तंतू येतात आणि ध्रुव त्यांतून घडतात.

स्पिंडलचे तंतू म्हणजे ट्युब्युलिनच्या सूक्ष्मनलिका. त्यांची सुरुवात गॅमा-ट्युब्युलिनच्या संकुलावर होते. प्राण्यांत ही संकुलं मुख्यतः सेंट्रिओलभोवतीच्या प्रथिनांच्या थरात गोळा झालेली असतात. म्हणजे तिथेही नलिका सेंट्रिओलच्या अंगातून फुटत नाहीत. वनस्पतीत हीच संकुलं विखुरलेली असतात: केंद्रकाच्या आवरणावर आणि आधीच्या नलिकांच्या अंगावर. ऑगमिन हे संकुल त्यांना जुन्या नलिकेवर बसवतं आणि तिथून नवी नलिका फुटते.

प्रोफेजमध्ये केंद्रकाभोवती नलिका जमतात आणि समोरासमोर दोन टोप्यांसारखे पुंजके दिसू लागतात. आवरण फुटलं की गुणसूत्रंही हातभार लावतात: त्यांच्याभोवती रॅन-जीटीपी या, रॅन प्रथिनाच्या सक्रिय रूपाचं प्रमाण जास्त असतं आणि त्यामुळे नलिका वाढवणारी प्रथिनं तिथे मोकळी होतात. मग मोटर प्रथिनं शिस्त लावतात. कायनेसिन-5 उलट दिशांच्या नलिका एकमेकींना अडकवून विरुद्ध बाजूंना सरकवतं. कायनेसिन-14 नलिकांची मागची, म्हणजे ऋण टोकं एकत्र ओढतं. ती टोकं जिथे जमतात तो ध्रुव. तो एका बिंदूत न मिळता रुंद राहतो, म्हणून स्पिंडल पिंपासारखा दिसतो आणि त्याला तारे नसतात. गुणसूत्रांच्या कायनेटोकोअरला नलिका पकडतात हे मात्र दोन्हीकडे सारखंच.

हे पटत नसेल तर फळमाशीचं उदाहरण घ्या. 2006 मध्ये सेंट्रिओल बनवू न शकणाऱ्या फळमाश्या अभ्यासल्या गेल्या. त्यांच्या पेशी विभागत राहिल्या आणि माश्या प्रौढ होईपर्यंत वाढल्या. त्या मेल्या ते संवेदी चेतापेशींना सिलिया नसल्यामुळे. सिलिया आणि कशाभिका यांच्या तळाशी सेंट्रिओल लागतोच. स्पिंडलला त्याच्याशिवाय भागवता येतं.

म्हणूनच "वनस्पतींत सेंट्रिओल नसतातच" असं सरसकट लिहिणंही चूक. नेचे, मॉस, सायकस, गिंको यांचे नर युग्मक पोहतात आणि ते तयार होताना सेंट्रिओल नव्याने घडतात. सपुष्प वनस्पतींत परागनलिकाच नर युग्मक नेऊन पोचवते, पोहायचं कामच उरलेलं नाही.

"सेंट्रिओल नाहीत, मग कोल्चिसिन कशावर काम करणार?" असंही विचारतात. ते ट्युब्युलिनला चिकटतं, म्हणून कांद्याच्या मुळातही मेटाफेज अडून राहतो.

आकृती काढताना पिंपासारखा स्पिंडल, रुंद ध्रुव आणि मध्ये गुणसूत्रं एवढंच काढा. टोकाला ठिपका दिसला तर मी गुण कापतो.