वर्गातल्या प्रत्येकाच्या गुणांना पर्सेंटाइल कसा काढावा

नववीच्या वर्गात एका मुलीला बीजगणितात 40 पैकी 22 गुण आहेत आणि भूमितीत 27. प्रगतिपुस्तक पाहून घरचे म्हणतात, पोरगी भूमितीत हुशार दिसते. पण भूमितीचा पेपर सोपा होता आणि त्यात बहुतेकांना भरभरून गुण पडले, हे त्यांना कुठून कळणार? नुसत्या गुणांवरून ते दिसतही नाही. वर्गातली किती मुलं तिच्या मागे राहिली हे मोजलं की दिसतं, आणि पर्सेंटाइल हेच मोजतो. टक्के पेपराशी तुलना करतात, पर्सेंटाइल सोबतच्या मुलांशी.

विदर्भातल्या खेड्यातल्या शाळांचे वर्ग लहान असतात. पटावर वीस-पंचवीस नावं, त्यातली काही परीक्षेला गैरहजर. लाखभर मुलांच्या परीक्षेत ज्या बारकाव्याकडे कोणी बघत नाही, तो इथे निकाल इकडचा तिकडे करतो. म्हणून हे उदाहरण लहान वर्गाचंच घेतलं आहे. आकडे समजावण्यापुरते आहेत, पण मांडणी कोणत्याही शाळेत सापडेल अशी.

पट 22, पेपरला हजर 20. बीजगणिताचे 40 पैकी गुण चढत्या क्रमाने असे:

6, 8, 9, 11, 12, 13, 14, 14, 14, 14, 17, 19, 20, 22, 22, 25, 28, 31, 34, 38

आधी कागदावरच करून बघा. एकदा हाताने केलं की पुढे संगणकाने दिलेला आकडा चुकला तर लगेच खटकतो. गुण असे चढत्या क्रमाने लिहून घ्या. मग ज्याचा पर्सेंटाइल काढायचा त्याच्यापेक्षा कमी गुण किती जणांना आहेत ते मोजा. त्यानंतर तेवढेच गुण किती जणांना आहेत ते मोजा, आणि त्यात तो स्वतःही धरा. या दुसऱ्या संख्येचं निम्मं पहिलीत मिळवा, हजर मुलांच्या संख्येने भागा आणि 100 ने गुणा.

25 गुणांच्या मुलाचं बघू. त्याच्या खाली 15 जण, 25 गुण असलेला तो एकटाच. 15 मध्ये अर्धा मिळवला की 15.5, भागिले 20, गुणिले 100, म्हणजे 77.5. आता त्या मुलीचे 22. खाली 13 जण, 22 वर दोघं. 13 अधिक 1 म्हणजे 14, भागिले 20, म्हणजे 70. समजा भूमितीतही तीच 20 मुलं बसली होती, 27 च्या खाली सातच जण होते आणि 27 वर ती धरून दोघं. मग तिथे तिचा पर्सेंटाइल 40 निघतो. गुण पाचने वाढले आणि वर्गातली जागा बरीच खाली आली.

आता निम्मं का घ्यायचं, हा प्रश्न. वरच्या यादीत 14 वर चार जण आहेत. 40 पैकी 14 म्हणजे बरोबर 35 टक्के, काठावर पास. पेपर तपासणाऱ्या कोणालाही ही गर्दी ओळखीची वाटेल. 12-13 वर अडकलेल्या पोराच्या एखाद्या पायरीला अर्धा-एक गुण देऊन आपण त्याला ओढून काढतो, त्यामुळे 14 वर गठ्ठा जमतो आणि त्याच्यावर 15, 16 रिकामे राहतात. या गठ्ठ्याला पर्सेंटाइल कोणता द्यायचा? फक्त खालची मुलं मोजली तर 6 भागिले 20, म्हणजे 30. खालची आणि बरोबरीची सगळी मोजली तर 10 भागिले 20, म्हणजे 50. पोरं तीच, गुण तेच, आणि नुसत्या मोजायच्या पद्धतीने 20 चा फरक! एका रीतीत ही चौघं वर्गाच्या तळाकडची ठरतात, दुसरीत थेट मध्यावर. बरोबरीच्यांपैकी निम्मे धरले की 40 येतो. चौघांमध्ये कोण पुढे, कोण मागे हे आपल्याला माहीत नाही, तेव्हा त्यांना त्यांच्या गठ्ठ्याच्या मधोमध उभं करणं मला सगळ्यात न्यायाचं वाटतं.

जेईई मेनच्या निकालात एनटीए बरोबरीचे सगळे मोजते, म्हणून तिथे पहिल्या येणाऱ्याला 100 मिळतात. आपल्या पद्धतीत 38 गुणांच्या मुलाला 97.5 मिळतात आणि 6 गुणांच्या मुलाला 2.5. पहिला आला तरी 100 का नाहीत, असं कोणी ना कोणी विचारणारच. उत्तर सोपं आहे: तो स्वतःच्याच पुढे नाही, म्हणून स्वतःचा अर्धाच वाटा धरला. दोन्ही पद्धती चालतात. पण शाळेत एकच ठरवा आणि दोन्ही सत्रांत तीच ठेवा.

गैरहजर मुलांचं काय? आमच्याकडे पहिल्या सत्राची परीक्षा आणि कापसाची वेचणी बऱ्याचदा एकाच वेळी येतात. दोन नावं गैरहजर असतात आणि कोणीतरी सवयीने तिथे 0 भरतं. 0 भरला की ती दोघं परीक्षेला बसून नापास झाली असं हिशोब धरतो. 14 च्या खाली मग सहाच्या जागी आठ जण होतात आणि भागायचं 22 ने. 8 अधिक 2 म्हणजे 10, भागिले 22, साधारण 45.5. काठावरच्या चौघांचा पर्सेंटाइल काहीही न करता साडेपाचने वर गेला. म्हणून गैरहजर म्हणजे गैरहजर, तिथे आकडा टाकायचा नाही. त्या दोघांची नंतर वेगळ्या पेपरवर फेरपरीक्षा झाली तर ते गुणही या यादीत मिसळू नका. पेपर वेगळा म्हणजे तुलनाही वेगळी.

आता हेच एक्सेलमध्ये किंवा मोबाइलवरच्या गूगल शीटमध्ये. A रकान्यात हजेरी क्रमांक, B मध्ये गुण, पहिल्या ओळीत शीर्षकं. पटावर 22 मुलं, म्हणून गुण B2 ते B23. गैरहजर असेल तिथे ‘गैरहजर’ असा शब्दच लिहा. C2 मध्ये हे सूत्र टाका आणि C23 पर्यंत खाली ओढा:

```
=IF(ISNUMBER(B2),(COUNTIF(B$2:B$23,"<"&B2)+COUNTIF(B$2:B$23,B2)/2)/COUNT(B$2:B$23)*100,"")
```

कागदावर केलं तेच हे सूत्र करतं. पहिला COUNTIF खालच्यांना मोजतो, दुसरा बरोबरीच्यांना मोजून निम्मं करतो, आणि COUNT फक्त आकडे मोजतो, त्यामुळे गैरहजर आपोआप गळतात. इथे गुण चढत्या क्रमाने लावायची गरज नाही, हजेरी क्रमाने असले तरी चालतं. डॉलरची चिन्हं मात्र विसरू नका. ती नसली तर सूत्र खाली ओढताना यादीही सोबत खाली सरकते आणि वरची मुलं मोजणीतून सुटत जातात. पहिल्या ओळीचा आकडा बरोबर येतो, म्हणून ही चूक पटकन लक्षात येत नाही.

ती पकडायला एक पक्की खूण आहे. या पद्धतीने काढलेल्या पर्सेंटाइलची सरासरी नेहमी बरोबर 50 येते. पेपर कितीही अवघड असो, गठ्ठे कुठेही पडोत.

```
=AVERAGE(C2:C23)
=COUNT(B2:B23)
```

पहिल्याचं उत्तर 50 आलं नाही तर बहुधा डॉलर राहिले आहेत किंवा यादीचा शेवट चुकला आहे. दुसऱ्याचं उत्तर हजेरीपटावरच्या हजर संख्येइतकं, इथे 20, यायला हवं. 19 आलं तर एखादा गुण आकडा म्हणून नव्हे तर मजकूर म्हणून भरला गेला आहे. रकान्यावरून नजर फिरवा. आकडे चौकटीच्या उजव्या कडेला असतात आणि हा एक डावीकडे चिकटलेला दिसेल, आणि त्याच्यासमोर पर्सेंटाइलची जागा रिकामी असेल. तो खोडून पुन्हा टाका. हजर संख्या 20 ऐवजी 22 आली तर कोणीतरी गैरहजरांसमोर 0 भरून ठेवला आहे.

PERCENTRANK नावाची तयार सोय असताना एवढं लांब सूत्र कशाला, असंही कोणी म्हणेल. PERCENTRANK.INC मध्ये सगळ्यात खालच्याला 0 आणि वरच्याला 1 मिळतो, कारण ते 20 ऐवजी 19 ने भागतं आणि बरोबरीच्यांना धरतच नाही. आपल्या 14 गुणांसाठी ते 6 भागिले 19 करून 0.315 दाखवतं. म्हणजे 40 च्या जागी 31.5. PERCENTRANK.EXC तिथेच 0.333 देतं. ही सूत्रं चुकीची नाहीत, पण काठावर गठ्ठे पडणाऱ्या लहान वर्गात ती गठ्ठ्यातल्या पोरांना खाली ढकलतात. मी ती वापरत नाही.

सगळ्या विषयांचा मिळून एक पर्सेंटाइल हवा असेल तर विषयवार पर्सेंटाइलची सरासरी काढू नका. आधी गुणांची बेरीज करा आणि त्या बेरजेवर हेच सूत्र चालवा. एखादी मुलगी बीजगणितात दुसरी आणि भूमितीतही दुसरी आली तर दोन्हीकडे तिचे 92.5, आणि सरासरीही 92.5. पण पहिले येणारे दोन विषयांत दोन वेगळे असतील तर एकूण बेरजेत तीच पहिली असू शकते, आणि मग तिचा खरा पर्सेंटाइल 97.5 होतो.

वाचताना एवढं ध्यानात असू द्या, की 20 जणांच्या वर्गात एक मूल म्हणजे 5 पर्सेंटाइल. सहामाहीत 57.5 आणि वार्षिकला 62.5 आले तर मुलगा फक्त एका जणाच्या पुढे गेला आहे, त्यात प्रगती शोधत बसू नये. दशांशही नोंदवहीत ठेवा, पालकांना पूर्ण आकडा सांगा. शिवाय सगळीकडे एका गुणाची किंमत सारखी नसते. आपल्या यादीत 13 गुणांचा पर्सेंटाइल 27.5 आहे आणि 14 चा एकदम 40, पण 34 चा 92.5 आणि चार गुण पुढे 38 चा फक्त 97.5. गर्दीत एका गुणाने बरेच जण मागे पडतात, वर जागा मोकळी असते.

पालकांना हे समजावणं हा वेगळाच भाग. सभेत एक बाबा विचारतात, “सर, पोट्टं पास झालं म्हंता, अन् इथं चाळीस कायले लिवले?” त्यांना टक्के आणि पर्सेंटाइलची व्याख्या सांगून उपयोग नाही. सरळ सांगावं: “भाऊ, हे मार्क नाहीत. वर्गातल्या शंभर पोरांची रांग लावली असं धरा, तर त्यातले चाळीसेक तुमच्या पोराच्या मागे उभे आहेत.” बारावीनंतर सीईटीचा निकाल पर्सेंटाइलमध्ये हाती येतो, आणि शाळेतला आकडा तिथल्या आकड्याशी ताडून बघायचा मोह होतो. तो मोडून काढा. तिथली रांग राज्यभरातल्या परीक्षार्थींची असते, आणि इथली फक्त त्या दिवशी आपल्या वर्गात पेपर दिलेल्या वीस जणांची.