प्रार्थना समाज आणि आर्य समाज यांची तुलना: उत्तर लिहिताना या चुका टाळा

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या माडीवर संध्याकाळी चार-पाच मुलं केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेचा अभ्यास करायला बसतात. इतिहास हा त्यांचा वैकल्पिक विषय आहे आणि पेपर ती मराठीतून लिहिणार आहेत. गेल्या महिन्यात मी त्यांना 15 गुणांचा एक प्रश्न घातला: "एकोणिसाव्या शतकातील प्रार्थना समाज आणि आर्य समाज यांच्या धर्मसुधारणेच्या मार्गांची तुलना करा." शब्दमर्यादा 250. तीन तासांत 250 गुणांचा पेपर संपवायचा, म्हणजे या प्रश्नाच्या वाट्याला जेमतेम अकरा मिनिटं येतात.

त्यांतल्या एका मुलीची वही माझ्या समोर आहे. अक्षर सुरेख आणि एकही सन चुकलेला नाही. पहिल्या पानावर "प्रार्थना समाज" असं शीर्षक, खाली मुंबई, 1867, डॉ. आत्माराम पांडुरंग, केशवचंद्र सेन यांची 1864 ची मुंबईभेट, न्या. रानडे, डॉ. भांडारकर, सुबोध पत्रिका. मग आडवी रेघ. दुसऱ्या पानावर "आर्य समाज": मुंबई, 1875, स्वामी दयानंद, सत्यार्थ प्रकाश, "वेदांकडे परत चला", शुद्धी, लाहोरचं डीएव्ही विद्यालय. शेवटची ओळ अशी: "अशा प्रकारे दोन्ही समाजांनी भारतीय समाजाला मोलाचे योगदान दिले."

मी 5 गुण दिले. ती हिरमुसून म्हणाली, "बाई, सगळं तर लिहिलंय ना?"

सगळं लिहिलं होतं, फक्त तुलना लिहायची राहिली होती.

दोन टिपणं शेजारी ठेवली म्हणजे तुलना होत नाही

ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे आणि ती ओळखणं सोपं आहे. आपलं उत्तर हातात घ्या आणि "उलट", "त्यामानाने", "दोघांनीही", "मात्र" अशा शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारा. 250 शब्दांत अशा चार-पाच जागाही सापडल्या नाहीत, तर तुम्ही दोन टिपणं लिहिली आहेत. मधली आडवी रेघ हा तर उघड पुरावाच. त्या रेघेवर उत्तर फाडून दोन कागद केले तरी दोन्ही तुकडे आपापल्या जागी पूर्ण वाटतात. तुलनेचं उत्तर असं फाडता येत नाही.

यावर उपाय म्हणजे परिच्छेद समाजावार न पाडता मुद्द्यावार पाडायचे. प्रत्येक परिच्छेदात दोन्ही समाज आले पाहिजेत. 250 शब्दांत तीनच मुद्दे बसतात. सुरुवातीच्या प्रतिपादनाला 40 शब्द, प्रत्येक मुद्द्याला साधारण 55 आणि निष्कर्षाला उरलेले 45.

पण मुद्दे कुठले घ्यायचे? इथे खरी अडचण येते, कारण मुद्दे प्रतिपादनातून निघतात आणि प्रतिपादनच नसेल तर हाताला येईल तो मुद्दा उचलला जातो.

प्रतिपादन: नावं अदलाबदल करून पाहा

मुलं सुरुवातीला लिहितात: "प्रार्थना समाज आणि आर्य समाज या एकोणिसाव्या शतकातील महत्त्वाच्या धर्मसुधारणा चळवळी होत्या." यातली दोन नावं अदलाबदल करा, वाक्य तितकंच खरं राहतं. त्यांच्या जागी ब्राह्मो समाज घाला, तरीही खरं. जे वाक्य कोणालाही लागू पडतं, ते तुमचं प्रतिपादन नव्हे.

या जोडीत विचारण्याजोगा प्रश्न एकच आहे: रूढी चुकीची आहे हे कशाच्या आधारावर सांगायचं? दोन्ही समाजांनी मूर्तिपूजा नाकारली, एकेश्वराची उपासना सांगितली आणि जन्मावरून ठरणाऱ्या उच्चनीचतेला विरोध केला. इथवर ते बरोबर चालतात. पण प्रार्थना समाजाने कोणताही एक ग्रंथ निर्दोष मानला नाही. विवेकबुद्धी आणि तुकोबांसारख्या संतांची भक्ती हा त्याचा आधार. दयानंदांनी मात्र वेद अपौरुषेय आणि निर्दोष मानले आणि वेदांत नाही म्हणून मूर्तिपूजा खोटी असं सांगितलं. नकार एकच, प्रमाण वेगळं. पुढचे बहुतेक फरक या एका फाट्यापासून सुरू होतात.

तेव्हा प्रतिपादन असं होईल:

"दोन्ही समाजांनी मूर्तिपूजा व जन्माधिष्ठित उच्चनीचता नाकारली, परंतु प्रार्थना समाजाने विवेक व संतपरंपरा, तर आर्य समाजाने वेदप्रामाण्य आधार मानला. त्यामुळे पहिला समाज विचाराने मोकळा पण विस्ताराने मर्यादित राहिला. दुसरा संघटित व व्यापक झाला, पण ग्रंथाच्या चौकटीने बांधला गेला."

आता नावं अदलाबदल करा. वाक्य लगेच खोटं ठरतं. शिवाय तीन मुद्दे आपोआप हाती आले: प्रमाण, सामाजिक आचार आणि संघटना.

पुरावा नुसता मांडून ठेवू नका

"1886 मध्ये लाहोरला डीएव्ही स्थापन झाले" ही माहिती आहे. तिच्यापुढे "म्हणून काय?" असं विचारा आणि उत्तर त्याच वाक्यात जोडा. डीएव्हीमध्ये वेद आणि संस्कृतसोबत इंग्रजी आणि पाश्चात्त्य विज्ञानही शिकवलं जाई. म्हणजे "वेदांकडे परत चला" याचा अर्थ आधुनिक शिक्षणाला विरोध असा नव्हता. आता ही माहिती तुमच्या बाजूने साक्ष देते. पुढे 1893 मध्ये अभ्यासक्रम आणि मांसाहार या प्रश्नांवरून पंजाबातला आर्य समाज दोन गटांत फुटला. एक ग्रंथ प्रमाण मानला तरी त्याच्या अर्थावरून वाद उरतोच, हे दाखवायला एवढा एक पुरावा पुरतो.

सामाजिक आचाराच्या मुद्द्यावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण चांगलं उत्तर आणि बेताचं उत्तर इथे वेगळं होतं.

विधवाविवाह घ्या. मुलं सरसकट लिहितात, "दोन्ही समाजांनी विधवाविवाहाचा पुरस्कार केला." दयानंदांपुरतं बोलायचं तर हे अर्धंच खरं आहे. सत्यार्थ प्रकाशात द्विजांसाठी पुनर्विवाहाची मुभा अक्षतयोनी, म्हणजे पतीशी शरीरसंबंध न आलेल्या विधवेपुरती आहे, इतरांसाठी नियोगाचा, म्हणजे पुन्हा विवाह न करता नेमलेल्या पुरुषापासून संतती मिळवण्याचा मार्ग सांगितला आहे. पुढच्या आर्यसमाजींनी विधवाविवाहाचं काम मोठ्या प्रमाणावर केलं, हेही खरं. म्हणजे शास्त्राधार शोधण्याची अट सुधारणेला कुठवर नेते आणि कुठे अडवते, ते या एका उदाहरणात दिसतं. जातीचंही तसंच. दयानंदांनी जन्मावरची जात नाकारली, पण गुणकर्मावर आधारित चार वर्ण ठेवले. "जातिव्यवस्था नष्ट केली" असं लिहिलंत तर परीक्षक तिथेच थांबेल.

दुसऱ्या बाजूला प्रार्थना समाजाने विधवाविवाह, स्त्रीशिक्षण, जातिभेद या प्रश्नांवर मोकळी भूमिका घेतली, पण सभासदांवर आचरणाची सक्ती केली नाही. रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. पहिली पत्नी वारल्यावर 1873 मध्ये वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी अकरा वर्षांच्या कुमारिकेशी विवाह केला. 1890 मध्ये पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे चहा घेतल्याच्या प्रकरणातही त्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतलं.

हे पुरावे रानड्यांना कमी लेखायला वापरू नका. मोठ्या माणसाची एक चूक दाखवली की टीका झाली, असं मुलांना वाटतं. सक्ती का नव्हती, ते सांगा. 1849 च्या सुमारास दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परमहंस सभा काढली होती. ती गुप्त होती आणि जातिबंधन मोडणं हा तिचा उद्देश होता. सभासदांची नावं उघड झाली तेव्हा समाजाच्या रोषापुढे सभा टिकली नाही. आत्माराम पांडुरंग हे दादोबांचे धाकटे भाऊ. एकदम तोडलं की चळवळच संपते, हा धडा घरातलाच होता. म्हणून प्रार्थना समाजाने हिंदू समाजात राहून, हळूहळू चालायचं ठरवलं. हे कारण दिलंत की दुबळेपणा वाटणारी गोष्ट धोरण म्हणून उलगडते, आणि त्या धोरणाची किंमतही कळते.

उत्तरात हा परिच्छेद असा बसतो:

"सामाजिक आचारात प्रार्थना समाजाची भूमिका अधिक मोकळी, पण पालन ऐच्छिक होते. परमहंस सभेच्या अनुभवामुळे त्याने जातीशी उघड फारकत टाळली. रानड्यांचा 1873 चा विवाह ही त्या धोरणाची मर्यादा दाखवतो. उलट दयानंदांनी जन्माधिष्ठित जात ठामपणे नाकारली, मात्र गुणकर्माधारित वर्ण व नियोग यांना शास्त्राधारे स्थान दिले."

पुराव्याबाबत आणखी एक. टंकाऱ्यातला लहानगा मूळशंकर, शिवरात्रीची रात्र आणि पिंडीवर चढलेला उंदीर ही गोष्ट गुजरातमधल्या शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला पाठ असते. माझ्या चार वह्यांत ती होती, एकीत तर साठ शब्दांची. तुलनेत तिचा काही उपयोग नाही, कारण तिला समोरच्या बाजूला जोडच नाही. तो मजकूर काढून टाका.

निष्कर्ष समतोल असावा, गुळमुळीत नसावा

समतोल म्हणजे दोघांना निम्मे-निम्मे गुण वाटणं नव्हे. आधी कसोटी सांगा, मग निवाडा द्या आणि लगेच त्या निवाड्याची मर्यादा नोंदवा. त्या मुलीने दुसऱ्या खेपेला लिहिलेला निष्कर्ष मला आवडला:

"विस्तार व संस्थाबांधणीच्या कसोटीवर आर्य समाज पुढे होता, पंजाब व उत्तर भारतात तो मध्यमवर्गात खोल रुजला. मात्र वेदांच्या श्रेष्ठत्वाच्या आग्रहातून व शुद्धीतून इतर धर्मांशी तणाव वाढला. प्रार्थना समाज शहरी सुशिक्षितांपुरता राहिला, तरी ग्रंथाऐवजी विवेक प्रमाण मानल्याने पुढील समाजसुधारणेला त्याने अधिक मोकळी वाट दिली."

दोन्ही बाजू आहेत आणि कौलही आहे. "शत्रू" किंवा "विरोधी" असे शब्द तिने टाळले, तेही बरं केलं. 1875 मध्ये दयानंदांची पुण्यातली व्याख्यानं घडवून आणण्यात रानडेच पुढे होते.

वडोदऱ्याचा मोह

आपल्या गावच्या मुलांकडून एक चूक हमखास होते. सयाजीराव महाराजांनी अस्पृश्यांच्या शाळांसाठी आर्य समाजाचे पंडित आत्माराम अमृतसरी यांना इथे आणलं. विठ्ठल रामजी शिंदे यांच्या शिक्षणाला मदत केली, आणि तेच शिंदे पुढे प्रार्थना समाजाच्या कामात आले. अभिमान वाटावा अशाच या गोष्टी आहेत, दोन्ही प्रवाह आपल्या संस्थानात येऊन मिळाले. पण प्रश्न एकोणिसाव्या शतकाचा आहे. अमृतसरींचं इथलं काम, शिंद्यांचं 1906 चं डिप्रेस्ड क्लासेस मिशन आणि 1902 चं कांगडी गुरुकुल हे सगळं पुढच्या शतकातलं. ते मुख्य पुरावा म्हणून वापरलंत तर कालमर्यादा ओलांडल्याचे गुण जातात. निष्कर्षात "याच प्रवाहांतून पुढे…" असं म्हणून अर्ध्या वाक्यात त्यांतलं एखादं नाव घ्या. एकच नाव आणि तेही शब्द उरले असतील तरच.