मथळ्यातला 'हे' सोडवायचा कसा?

मोबाइलवर बातम्या वाचणाऱ्याला हा मथळा ओळखीचा वाटेल:

मोठी बातमी! २००० च्या नोटेबाबत आरबीआयचा धक्कादायक निर्णय. तुमच्याकडे असेल तर लगेच करा 'हे' काम

हा मी तयार केलेला नमुना आहे, पण १९ मे २०२३ च्या संध्याकाळी या धाटणीचे मथळे फोनवर सारखे येत होते. आपण हाच मथळा पुन्हा लिहू. तो अचूक व्हायला हवा आणि वाचावासाही वाटायला हवा.

मथळ्याला हात लावण्याआधी बातमी वाचा, आणि बातमी ज्यावर उभी आहे तो मूळ कागद मिळाला तर तोही वाचा. इथे तो रिझर्व्ह बँकेच्या प्रसिद्धिपत्रकाच्या रूपात सहज मिळतो. मग कागद मिटून, शेजाऱ्याला सांगावं तसं एका दमात लिहून काढा: रिझर्व्ह बँक दोन हजारांच्या नोटा चलनातून मागे घेतेय, त्यांची वैधता मात्र कायम आहे, २३ मेपासून ३० सप्टेंबरपर्यंत त्या बँकेत बदलून मिळतील, एका वेळी २० हजार रुपयांपर्यंत. खात्यात भरायच्या असतील तर नेहमीसारख्या भरता येतील. मथळा करायला एवढा ऐवज पुरेसा आहे.

आता मूळ मथळ्यात काय लपवलंय ते शोधा. मराठीत ही खूण शोधणं फार सोपं आहे, कारण लपवलेली गोष्ट बहुतेक वेळा एकेरी अवतरणचिन्हांत बसलेली असते: 'हे' काम, 'या' जिल्ह्यात, 'ही' अभिनेत्री. (अवतरणचिन्हांचा इतका गैरवापर दुसरीकडे कुठे होत असेल असं वाटत नाही.) त्या सर्वनामाच्या जागी त्याचं नाव लिहा. 'हे काम' म्हणजे नोट बँकेत बदलणं किंवा खात्यात भरणं. एवढं लिहिलं की निम्मं काम झालं.

पुढची पाळी विशेषणांची. 'धक्कादायक' असं कोण म्हणालं? बातमीत तसं कुणीही म्हटलेलं नसेल तर तो धक्का मथळा लिहिणाऱ्याचा आहे, तो काढून टाका. 'मोठी बातमी' हे तर वाचकाने ठरवायचं. आणि 'लगेच'? बदलून देण्याची सोय चार दिवसांनी, मंगळवारी सुरू होणार होती आणि मुदत चार महिन्यांहून जास्त होती. शुक्रवारी रात्री हा मथळा वाचून शनिवारी सकाळी नोट बदलायला रांगेत उभा राहिलेला माणूस हात हलवत परत आला असता. इथे 'लगेच' हा नुसता भडकपणा नाही, ती चूक आहे.

सर्वांत जास्त वेळ क्रियापदावर घालवा. मथळा खोटा पडतो तो बहुधा तिथेच. या बातमीला सहज सुचणारं क्रियापद 'बंद' आहे: '२००० ची नोट बंद'. पण आपल्या वाचकाच्या मनात 'नोट बंद' म्हटलं की ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र उभी राहते. तेव्हा पाचशे-हजारच्या नोटांची वैधताच त्या मध्यरात्रीपासून संपली होती. २०२३ मध्ये तसं झालं नाही, नोट वैधच राहिली. म्हणजे 'बंद' हा शब्द छोटा आणि आकर्षक असला तरी तो वेगळीच बातमी सांगतो, आणि 'रद्द'ही तेच करतो. 'मागे घेणार' थोडं लांब आहे, पण खरं आहे.

एवढं केल्यावर पहिला खर्डा साधारण असा येतो:

रिझर्व्ह बँकेकडून २००० रुपयांच्या नोटा चलनातून मागे घेण्याचा निर्णय जाहीर

यात चूक काही नाही, पण तो वाचून कुणी बातमी उघडणार नाही. सनसनाटी काढायला निघालेले पुष्कळ जण इथेच थांबतात आणि मग 'सरळ मथळे चालत नाहीत' म्हणतात. मथळ्यात अजून वाचक आलेला नाही. तो विचारतोय, 'माझ्या कपाटातल्या नोटेचं काय?' शिवाय 'निर्णय जाहीर' या दोन शब्दांनी जागा अडवली आहे, ते गेले तरी काही बिघडत नाही.

उत्सुकता बातमीतूनच काढायची असते, आणि या बातमीत ती आहे: नोट मागे घेताहेत, तरीही ती वैध आहे. हे एकमेकांना छेद देणारं वाटतं. मध्ये 'पण' टाकला की ओळ जिवंत होते:

२००० च्या नोटा मागे घेणार, पण वैध राहणार. ३० सप्टेंबरपर्यंत बँकेत बदलून मिळतील

काय झालं आणि कधीपर्यंत, हे मथळ्यातच सांगून टाकलं. वाचक बातमी उघडेल ती 'कसं' कळण्यासाठी: एका वेळी किती, खातं नसलेल्या बँकेत चालेल का. तो प्रश्न त्याला खरोखर पडलेला असतो आणि उत्तर आत असतं. '२० हजार' हा आकडा मी मुद्दाम बाहेर ठेवला. मथळ्यात दोन आकडे आधीच आहेत, तिसरा आला की एकही लक्षात राहत नाही. '२०००' सुरुवातीला आहे, कारण मोबाइलवर शेपूट कापली जाते.

छापण्याआधी एक चाचणी घ्या. फक्त हा मथळा वाचून, बातमी न उघडता, माणूस काय करेल? मी आधी दुसरा भाग 'तोवर व्यवहारातही चालतील' असा लिहिला होता. वाचायला छान होता, पण 'तोवर'मुळे १ ऑक्टोबरपासून नोट कागद होईल असा अर्थ निघतो, आणि रिझर्व्ह बँकेने तसं म्हटलं नव्हतं. एकेका शब्दावर बोट ठेवून 'हे बातमीत कुठे आहे?' असं विचारलं की असे शब्द सापडतात.

मराठीत असाच दगा 'च' देतो. पुढे मुदत ७ ऑक्टोबरपर्यंत वाढली आणि त्यानंतर बँकांच्या शाखांत ही सोय राहिली नाही, नोटा रिझर्व्ह बँकेच्या १९ कार्यालयांत स्वीकारल्या जाऊ लागल्या. मराठी वाचकासाठी मथळा सुचतो: 'दोन हजारांच्या नोटा आता मुंबई, बेलापूर, नागपुरातच'. गावांची नावं आली म्हणून तो वाचलाही जाईल. पण टपालाने या कार्यालयांकडे नोटा पाठवून रक्कम खात्यात जमा करून घेण्याचीही सोय होती. म्हणजे साताऱ्याच्या वाचकाला त्या एका 'च'ने विनाकारण मुंबईला धाडलं असतं. 'च' काढा, आणि जागा असेल तर 'टपालानेही' जोडा.

कधी कधी 'हे' सोडवून पाहिलं की आत काहीच नसतं. 'विमानतळावर दिसली 'ही' अभिनेत्री, चाहते थक्क' यातलं सगळं काढल्यावर 'अमुक अभिनेत्री विमानतळावर दिसली' एवढंच उरतं. अशा वेळी मथळ्याशी झटापट करू नका, ती बातमीच घेऊ नका.